दोन पातेली कोण घासणार?

मालिकेतलं नवरा-बायकोचं भांडण बघताना मी एक उद्योग करते. त्यातली वाक्यं मनातल्या मनात उचलायची आणि दुसऱ्या चॅनेलवरच्या जोडप्याच्या तोंडी घालून बघायची. ‘तुमचं माझ्याकडे लक्षच नसतं.’ ‘तुझ्या माहेरचे सगळे असलेच.’ बहुतेक वेळा ती तिकडेही बिनबोभाट बसतात. अशी वाक्यं कुणाचीच नसतात. ऐकताना एखादे वेळी हसू येतं, पण ही दोघं वीस वर्षं एका घरात राहिलीत, एकमेकांवाचून यांचं पान हलत नाही, असं काही वाटत नाही.

याच्या उलट ‘साराभाई व्हर्सेस साराभाई’ घ्या. 2004 साली स्टार वनवर सुरू झालेली ही हिंदी मालिका आतिश कपाडियांनी लिहिली. कफ परेडला राहणारं श्रीमंत गुजराती कुटुंब. माया म्हणजे रत्ना पाठक शाह आणि तिचा नवरा इंद्रवदन म्हणजे सतीश शाह. मायाला आपल्या अभिरुचीचा, रीतीभातीचा आणि धाकट्या रोसेशच्या कवितांचा भारी अभिमान. इंद्रवदनचा सगळा वेळ त्या अभिमानाला टाचण्या टोचण्यात जातो. ती वाक्यं दुसऱ्या कुठल्या नवऱ्याच्या तोंडी घालून बघा, बसायची नाहीत. मायाला नेमकं काय झोंबेल हे इतकं बारकाईनं ठाऊक असायला तिच्याशीच संसार केलेला असावा लागतो. प्रेक्षकाला त्यांचं प्रेम कुणी सांगत नाही. त्या माहितीवरून तो ते ओळखतो.

टोचणी कुठे लागते तेही बघण्यासारखं आहे. माणसाला ज्याचा अभिमान असतो तिथे टोचलं तर त्याच्यापाशी उत्तर तयार असतं. ज्याची लाज वाटते तिथे टोचलं की ते गप्प होतं आणि बघणाऱ्याचंही हसू सुकतं. मायाच्या उच्चभ्रूपणाची थट्टा झाली की ती मान ताठ करून दुप्पट परत देते. म्हणून ते भांडण बरोबरीचं राहतं.

माया आणि सून मोनिषा यांच्यात मात्र ही बरोबरी नाही. सुनेचं मूळ नाव मनीषा. ते फारच मध्यमवर्गीय म्हणून सासूनं बदलून मोनिषा केलं. विनोद म्हणून ठीक, पण नाव बदललेल्या बायका आपल्याकडे घरोघरी आहेत, त्यामुळे तिथे मला मोकळं हसता येत नाही. लेखकानं तोल सांभाळला तो सासऱ्याला सुनेच्या बाजूनं उभं करून, आणि मोनिषाला मुळीच न बदलणारी ठेवून. एवढं केलं नसतं तर तो निव्वळ छळ झाला असता.

आता आपल्याच घरातला प्रसंग लिहून बघू. दिवस मावळायच्या आत जेवणारं घर आहे, नवरा दुकानातून उशिरा आलाय. पहिला खर्डा साधारण असा होतो :

‘किती उशीर! घराची काही काळजीच नाही तुम्हाला.’

‘दिवसभर राबतो मी. तुला काय कळणार?’

यात दोघंही आपापलं गाऱ्हाणं म्हणतायत. कुणी कुणाचं ऐकलेलं नाही. आता हे बघा :

‘सूर्य मावळायला बारा मिनिटं आहेत. आंघोळ करणार की जेवणार?’

‘दोन्ही.’

‘म्हणजे भाकरी न्हाणीघरात आणू?’

‘आण. आमटी नको. कालच्यासारखी असली तर पाण्यात सापडायची नाही.’

‘पातळ नव्हती, अळणी होती. डॉक्टरांनी सांगितलंय.’

‘मला सांगितलंय. तू का अळणी जेवतेस?’

‘दोन पातेली कोण घासणार?’

इथे प्रत्येकजण दुसऱ्याचा शब्द पकडून पुढे जातो. ‘दोन्ही’ला न्हाणीघरातली भाकरी, भाकरीला आमटी, ‘सांगितलंय’ला ‘मला सांगितलंय’. शब्द पकडायचा तर आधी ऐकावं लागतं, आणि या दोघांना एकमेकांचं ऐकायची सवय आहे हे त्यातून कळतं. बायको नवऱ्याबरोबर अळणी खाते. नवऱ्याच्या ते ध्यानात आलंय. दोघंही ते उघड बोलत नाहीत. तिनं भांड्यांचं निमित्त पुढे केलंय. निमित्त खरं वाटण्याइतकं साधं हवं. पातेल्याऐवजी तिनं ‘मला मीठ आवडतच नाही’ म्हटलं असतं तर तो त्याग दिसला असता, आणि त्याग दिसला की विनोद संपला.

घोटाळा बहुधा यापुढे होतो. लेखकाला धीर निघत नाही. नवरा गहिवरून ‘किती करतेस माझ्यासाठी’ म्हणतो, मागे बासरी वाजते. एवढा वेळ प्रेक्षकानं स्वतः ओळखलेलं त्याच्या हातातून काढून घेऊन परत त्यालाच वाढल्यासारखं होतं ते. दिग्दर्शकाला बासरी हवीच असेल तर त्याच्याशी भांडावं, पण पातेल्यांनंतर नवऱ्याला वाक्य देऊ नये. फार तर त्यानं आंघोळीचा पंचा खुंटीवर परत टाकावा आणि पाटावर बसावं.