समासातली पेन्सिल

माझ्याकडे एका मुलाखत अनुसूचीच्या दोन प्रती आहेत. पहिली टाइप केलेली, स्वच्छ, बारा पानांची. दुसरी तीच, पण येलदरीत तीन दिवस फिरून आलेली: कोपरे मुडपलेले, समासात पेन्सिलीच्या खुणा, दोन प्रश्नांवर आडवी काट. रसिकानं वाचावी ती दुसरी.

आमची मुख्य पाहणी पूर्णा प्रकल्पाच्या परिसरातल्या गावांत व्हायची होती: शेतीला पाणी कुठून येतं आणि घरातलं कोण किती राबतं, एवढाच विषय. त्याआधीची चाचणी येलदरीत घेतली आणि म्हणून ते गाव आम्ही नमुन्यातून मुद्दाम बाहेर ठेवलं. चाचणीत ज्याला एकदा विचारलं, त्याच्याकडून पुन्हा तीच उत्तरं घेण्यात अर्थ नसतो. पहिल्या वेळीच तो प्रश्न शिकलेला असतो. तीन दिवसांत पंधरा मुलाखती झाल्या. मुलाखत घेणाऱ्यांना सूचना एकच होती. उत्तर लिहाच, पण माणूस कुठे थांबला, कुठे ‘काय म्हणालात?’ म्हणाला, आणि प्रश्न छापल्याप्रमाणे वाचता आला नाही तर तुम्ही तो कसा वाचला, हे समासात लिहा. फॉर्मपेक्षा समास मोलाचा ठरला.

सातवा प्रश्न असा होता: ‘तुमच्या शेताला धरणाचे पाणी मिळते का? हो / नाही.’ वाचायला किती सरळ! पंधराही जणांनी न अडखळता उत्तर दिलं. समास कोरा. मला वाटतं, अनुसूचीतला सर्वांत धोक्याचा प्रश्न हाच होता. अडखळणारा माणूस निदान सावध करतो. गुळगुळीत प्रश्न कुणालाच सावध करत नाही. तो पकडला गेला तो संध्याकाळी, मुलाखतीनंतर विचारायच्या एका जोडप्रश्नामुळे: ‘धरणाचं पाणी म्हणजे तुम्ही कोणतं धरलं?’

एकानं ‘नाही’ म्हटलं होतं, कारण त्याच्या शिवारात कालवा नाही. त्याचं बरोबर होतं. येलदरी धरणाचं पाणी वीजघरातून पूर्णेत उतरतं, खाली सिद्धेश्वरच्या धरणात जातं आणि कालवे तिथून निघतात. भिंत दारात, पाणी तिकडे. दुसरा जलाशयाच्या फुगवट्यातून मोटारीनं पाणी उचलत होता. तो ‘हो’ म्हणाला. तिसराही तेच करत होता, पण त्यानं ‘नाही’ सांगितलं. का? ‘ते माझ्या मोटारीचं पाणी हाय.’ चौथ्याची विहीर जलाशयाच्या कडेला, उन्हाळ्यातही आटत नाही. त्याच्या लेखी ते धरणाचंच देणं, म्हणून ‘हो’. एकाच पाण्याला दोन उत्तरं आणि दोन वेगळ्या पाण्यांना एकच. टक्केवारी काढली असती तर ती दिसायला देखणी आणि आतून पोकळ निघाली असती.

दुरुस्ती बघण्यासारखी आहे. ‘धरण’ हा शब्दच उडवला. त्या जागी: ‘मागच्या रब्बीत कोणकोणत्या वावराला पाणी दिलं?’ आणि प्रत्येक वावरासाठी: ‘ते पाणी कुठून आणलं?’ पर्याय विहीर, बोअर, नदी, जलाशयातून मोटारीनं, कालवा, आणि ‘इतर’पुढे लिहायला एक पूर्ण ओळ. पाणी धरणाचं की नाही, हे आता शेतकऱ्यानं ठरवायचं नाही. त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं सांगायचं, वर्गवारी नंतर आम्ही करायची. ‘शेत’ जाऊन ‘वावर’ आलं, हे मला विशेष आवडतं. शेत म्हटलं की माणूस सगळी जमीन एकत्र सांगतो. वावर म्हटलं की नावानिशी एकेक तुकडा समोर येतो.

नवव्या प्रश्नावरची काट वेगळ्या जातीची. ‘कुटुंबाच्या नावावर जमीन आहे का? नसल्यास प्र. १९ वर जा.’ तीन फॉर्मांत दहा ते अठरा हे सगळे प्रश्न रिकामे होते आणि तिन्ही ठिकाणी समासात एकच शब्द: ‘गाळपेर’. पाणी ओसरलं की जलाशयाच्या तळची जमीन उघडी पडते आणि तिच्यावर पीक घेतलं जातं. ती सातबाऱ्यावर नसते. त्यामुळे जे पेरतात, कापतात, विकतात त्यांना आमची अनुसूची ‘शेती नाही’ म्हणून पुढे ढकलत होती. ही चूक शब्दाची नाही, उडीची आहे. ती ऐकताना कळत नाही, फॉर्म शेजारी शेजारी मांडल्यावर सलग रिकाम्या चौकटींतून दिसते. आता मालकी शेवटी विचारतो. आधी: ‘मागच्या वर्षी कुठे कुठे पेरलं?’ आणि ‘मागच्या वर्षी’ म्हणजे ‘पाडव्यापासून पाडव्यापर्यंत’, कारण सालगड्याचं सालही तिथूनच मोजलं जातं.

चौदावा प्रश्न मात्र मी काटला नाही. ‘तुम्ही काय काम करता?’ एका काकूंनी सांगितलं, ‘काम नाही, घरीच असती मी.’ बोलताना त्यांच्या बोटांना कापसाच्या बोंडांचे ओरखडे होते. हा पेच जुना आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीत घरकामाला ९२ हा संकेतांक आहे आणि घरकामाबरोबर सरपण, चारा गोळा करणं किंवा घरापुरतं शिवणकाम असेल तर ९३. शिवाय अशा बायकांना जादा प्रश्न विचारून मग त्यांचं काम उलगडण्याची पद्धत त्या पाहणीनं कधीच स्वीकारली. आम्हाला आमचे आकडे त्यांच्या आकड्यांशेजारी ठेवायचे होते. प्रश्नाची भाषा बदलली की ती तुलना गेली. म्हणून मूळ प्रश्न तसाच ठेवून त्याच्याखाली कामांची यादी घातली: निंदणी, वेचणी, जनावरांचं पाणी, सरपण, एकेकाचं नाव घेऊन विचारायचं. न बदललेली ओळ हीसुद्धा चाचणीतून आलेली ओळ असते.

शेवटच्या पानांची गंमत सांगतो. पस्तिसाव्या मिनिटानंतर ‘नाही’ वाढत गेले. लोक थकले असं आधी वाटलं, पण कारण आणखी चतुर होतं. प्रत्येक ‘हो’नंतर चार पोटप्रश्न येतात, हे माणसांनी तिसऱ्या विषयालाच ओळखलं होतं. (मुलाखत घेणाऱ्यांनीही ओळखलं असणार, ते समासात कुणी लिहीत नाही.) मग सगळे हो-नाही प्रश्न एकत्र करून पुढे घेतले आणि पोटप्रश्न मागे नेले. सापळा दिसायच्या आत उत्तरं मिळतात.

या पंधरा फॉर्मांतून आकडे मात्र काढू नयेत. दहातल्या एकाच माणसाला जी अडचण येते, ती पंधरा जणांत एकदाही न दिसण्याची शक्यता जवळजवळ पाचात एक असते. भाषा बदलल्यामुळे हे फॉर्म मुख्य पाहणीत मिसळलेही नाहीत. बदललेले प्रश्न घेऊन पुन्हा पाच नव्या घरांत गेलो, कारण दुरुस्तीलाही चाचणी लागते.

तिथे पहिल्याच ओसरीवर एका आजोबांनी वावरांची नावं घडाघडा सांगितली आणि पाण्यावर येताच गप्प झाले. मोटार आहे का? ‘नाही.’ पाइप मागेच दिसत होता. रात्री आम्ही नवी प्रत पुन्हा पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचली. सातव्या प्रश्नातून काढलेला शब्द मुखपृष्ठावर ठसठशीत बसला होता: ‘धरण लाभक्षेत्र पाणीवापर पाहणी’. ओळख करून देताना मुलाखत घेणारा आमचा मुलगा दारातच तो वाचत होता, आणि आजोबांना ऐकू येत होती पाणीपट्टी.