कृषिपरिस्थितिकी आणि शाश्वत सघनीकरण : शिरोळच्या ऊसजमिनीच्या कसोटीवर

अंतिम वर्षाच्या निबंधांतून या दोन संकल्पनांची तुलना बहुधा दोन स्तंभांच्या कोष्टकाने केली जाते. एका स्तंभात शेणखत, आंतरपीक, देशी बियाणे. दुसऱ्यात ठिबक, माती-परीक्षण, सुधारित वाण. कोष्टक नीटनेटके दिसते, परंतु ते विचारांची तुलना न करता केवळ अवजारांची विभागणी करते. मूळ मतभेद अवजारांचा नसून हिशोबाच्या मर्यादेचा आहे. काय मोजावयाचे, किती क्षेत्रावर मोजावयाचे आणि निर्णय कोणी घ्यावयाचा, या तीन प्रश्नांवर हे दोन पक्ष वेगळे होतात.

प्रथम संज्ञांचा विचार करणे इष्ट ठरेल. ‘शाश्वत सघनीकरण’ या पदात ‘सघनीकरण’ हे विशेष्य व ‘शाश्वत’ हे विशेषण आहे. म्हणजे सघनता गृहीत धरलेली असून तिला अट घातलेली आहे. शिवाय मराठीतील ‘शाश्वत’ म्हणजे नित्य, अविनाशी. मूळ इंग्रजी विशेषणाचा अर्थ मात्र ‘टिकवून धरता येण्याजोगे’ एवढाच आहे. भाषांतरात अट वचन बनली. ज्यूल्स प्रेटी यांनी १९९७ साली ही संज्ञा वापरली तेव्हा तिचा रोख शेतकऱ्यांच्या सहभागाने व स्थानिक साधनांनी उत्पादन वाढविण्याकडे होता. लंडनच्या रॉयल सोसायटीच्या २००९ च्या अहवालानंतर तिचा भर प्रामुख्याने पुढील युक्तिवादावर आला : अन्नाची मागणी वाढणार, नवी जमीन लागवडीखाली आणणे निसर्गास परवडणारे नाही, तेव्हा आहे त्याच जमिनीवर, पर्यावरणाची कमीत कमी हानी करून, अधिक पिकविले पाहिजे.

‘कृषिपरिस्थितिकी’ ही संज्ञा याहून जुनी. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापासून ती शास्त्राचे नाव म्हणून आढळते. मिगेल आल्तिएरी यांच्या १९८० नंतरच्या लेखनाने तिला पर्यायी शेतीच्या विचाराचे रूप दिले. आज ती शास्त्र, शेतपद्धती आणि चळवळ अशा तिन्ही अर्थांनी वापरली जाते. तिचा मध्यवर्ती युक्तिवाद असा की, शेत ही एक परिसंस्था आहे. तिच्यातील पोषणाचे चक्र व जीवांचे परस्परसंबंध बळकट केल्यास बाहेरून आणावयाची निविष्ठा कमी होते, आणि हे साधावयाचे तर बाजार व सत्ता यांचे संबंधही बदलावे लागतात.

या युक्तिवादांची परीक्षा कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या शिरोळ तालुक्यात उत्तम होते. तेथील काळ्या, चिकण जमिनीत वर्षानुवर्षे उसाला भरपूर पाणी दिले गेले. निचरा मंद असल्याने भूजल वर चढले. केशाकर्षणाने ते पृष्ठभागाशी येऊन बाष्प झाले आणि क्षार मागे राहिले. जमिनीवर पांढरा थर दिसू लागतो तेव्हा नुकसान बरेच पुढे गेलेले असते. आधी ऊस तुटक उगवतो, बुटका राहतो. मातीच्या संपृक्त अर्काची विद्युतवाहकता १.७ डेसिसायमन प्रतिमीटरच्या पुढे गेली की पुढील प्रत्येक एककास उसाचे उत्पादन सुमारे ५.९ टक्क्यांनी घटते, असे प्रचलित गणित आहे. त्यानुसार वाहकता ४ असता घट सुमारे १४ टक्के, आणि ८ असता सुमारे ३७ टक्के.

सघनीकरणाचा पक्ष येथे कार्यक्षमतेचे उत्तर देतो : ठिबक, विद्राव्य खते, क्षारसहिष्णु वाण. आडसाली उसास हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस आहे. उदाहरणादाखल उत्पादन हेक्टरी १५० टन धरले, तर टनामागे २.६७ किलो नत्र पडते. तेवढ्याच नत्रात २०० टन निघाले तर टनामागे २ किलो. टनामागचे नत्र एक चतुर्थांशाने घटले. तथापि त्या हेक्टरात पडलेले नत्र ४०० किलोच राहिले. पाण्याचेही तसेच. ठिबकने ४० टक्के पाणी वाचले आणि त्यावर शेजारची जमीन उसाखाली आली, तर शेताचा हिशोब सुधारतो, नदीचा सुधारत नाही. गुणोत्तरावर समाधान मानणे आणि एकूण राशीकडे न पाहणे, हा या पक्षाचा खरा दुबळेपणा होय.

कृषिपरिस्थितिकीचे उत्तर पीकरचनेपासून सुरू होते : उसानंतर उसाऐवजी द्विदल पीक, पाचट न जाळता सरीत आच्छादन, धैंच्यासारखे हिरवळीचे खत. कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर यांनी विनानांगरणीच्या शेतीचा जो पुरस्कार केला, तो याच दिशेचा आहे. परंतु येथेही दोन अडचणी आहेत. पाचटात कर्बाच्या मानाने नत्र फार कमी असते; ते कुजताना जीवाणू मातीतील नत्र ओढून घेतात व खोडवा पिवळा पडतो. म्हणूनच टनभर पाचटामागे ८ किलो युरिया व १० किलो सुपर फॉस्फेट टाकण्याची शिफारस केली जाते. म्हणजे पाचट-आच्छादन दोन्ही स्तंभांत बसते आणि कोष्टक मोडते. दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे. भूजल मुळांशी उभे असताना सेंद्रिय पदार्थ कितीही घातला तरी क्षार खाली धुपून जावयास वाट नसते. आधी निचरा, मग जीवनचक्र, हा क्रम टळत नाही.

हा निचरा म्हणजे सच्छिद्र नळ्यांची भूमिगत जोडणी. साधारण मीटरभर किंवा थोड्या अधिक खोलीवर, गाळणीचे वेष्टन दिलेल्या नळ्या ठरावीक अंतराने पुरून त्यांचे पाणी मुख्य नळीतून नाल्यात सोडावयाचे. विनिमययोग्य सोडियम वाढून जमीन चोपण झाली असेल, तर जिप्समही द्यावे लागते. हे तंत्र निःसंशय अभियांत्रिकीचे आहे. पण एका शेतकऱ्याच्या दोन एकरांत ते चालत नाही, कारण निर्गमाची वाट शेजाऱ्याच्या बांधातून जाते. ते उभे राहावयास अनेक खातेदारांची संमती, सामाईक खर्च आणि देखभालीची जबाबदारी लागते. शिवाय धुतलेला क्षार नाहीसा होत नाही. तो नदीमार्गे खालच्या गावांकडे जातो. तेव्हा ज्या साधनाला सघनीकरणाचे म्हणावे, तेच कृषिपरिस्थितिकीने उपस्थित केलेल्या सामुदायिक निर्णयाच्या प्रश्नावर येऊन थांबते.

पीकपालटाची शिफारस करणाऱ्यांनीही एक गोष्ट टाळता कामा नये. उसाला कारखान्याची हमखास खरेदी व कायद्याने ठरलेला किमान दर आहे. द्विदल पिकाला तितकी खात्री नाही. ज्याच्यावर पीककर्ज आहे, त्याने पालटाचा तोटा एकट्याने सोसावा अशी अपेक्षा शास्त्राच्या नावाने करता येणार नाही. कृषिपरिस्थितिकी बाजाराचा प्रश्न मांडते, हे तिचे सामर्थ्य. शिरोळसारख्या ठिकाणी तो सोडविण्याची तिची साधने अद्याप अपुरी आहेत, ही तिची मर्यादा.

तात्पर्य, निबंधात प्रत्येक पक्षाला त्याने टाळलेला प्रश्न विचारला पाहिजे. सघनीकरणास : टनामागची बचत एकूण पाण्यात व क्षारात दिसते काय? कृषिपरिस्थितिकीस : संक्रमणकाळातील तूट कोण भरून देणार? पहिल्याचे उत्तर निरीक्षण-विहिरीतील भूजलाच्या पातळीवरून व निचऱ्याच्या पाण्याच्या वाहकतेवरून वर्षानुवर्षे पडताळता येते. दुसऱ्याचे खातेदाराच्या जमाखर्चावरून. ही दोन्ही नोंदबुके एकत्र वाचल्याखेरीज कोणत्याही पक्षाच्या बाजूने निकाल देणे घाईचे ठरेल.