मधली ओळ

बायनरी सर्च ट्रीतले आकडे क्रमाने छापणारं हे फंक्शन पायथॉनमध्ये जेमतेम सहा ओळींचं आहे.

```python
def inorder(node):
    if node is None:
        return
    inorder(node.left)
    print(node.key)
    inorder(node.right)
```

या सहा ओळींत दोन संख्यांची तुलना कुठेच नाही. `<` नाही, अदलाबदल नाही. तरी आकडे चढत्या क्रमाने बाहेर पडतात. मला हे फंक्शन आवडतं ते यासाठीच. मग हा क्रम येतो कुठून?

तुलना आधीच होऊन गेलेली असते, झाड उभं राहताना. 42, 17, 68, 29, 55, 23 हे आकडे याच क्रमाने रिकाम्या झाडात घालू. लहान असेल तर डावीकडे, मोठा असेल तर उजवीकडे, आणि रिकामी जागा मिळेपर्यंत खाली. 23 ला जागा शोधताना 42, 17 आणि 29 अशा तिघांशी तुलना करावी लागते. सहाही आकड्यांच्या मिळून 9 तुलना होतात. त्यांचे निकाल कुठे लिहून ठेवलेले नसतात. कोण कोणाच्या कोणत्या बाजूला बसला, यातच ते साठलेले असतात.

```
      42
     /  \
   17    68
     \   /
     29 55
     /
   23
```

आता `inorder(42)`. सर्वांत आधी हाक मिळाली 42 ला, पण तो स्वतःला छापत नाही. आधी डावीकडे 17 ला बोलावतो आणि थांबतो. 17 च्या डावीकडे कोणी नाही. ती हाक `None` पाहून लगेच परतते आणि पहिला आकडा छापला जातो: 17. पुढे 17 आपल्या उजवीकडे वळतो. तिथे 29 आहे, पण तोही आधी आपल्या डाव्या 23 ला बोलावतो. 23 च्या डावीकडे रिकामं, म्हणून 23 छापला जातो.

इथे क्षणभर थांबावं. या घडीला स्टॅकवर चार हाका उघड्या आहेत: 42, 17, 29, 23. त्यांतला 17 छापून झालाय, पण त्याची उजवी बाजू संपलेली नाही. 29 आणि 42 अजून आपल्या डाव्या बाजूची वाट पाहत आहेत. कोण कुठे थांबलंय याची नोंद आपण ठेवलेली नाही. प्रत्येक हाक आपली ओळ लक्षात ठेवून आहे. 23 ची उजवी बाजूही रिकामी निघते, ती हाक संपते, 29 छापला जातो. मग 29 संपतो, पाठोपाठ 17 ची हाक संपते, आणि आता कुठे 42 ची पाळी येते. उजवीकडे 68 आधी 55 ला पुढे करतो, मग स्वतः येतो. 17, 23, 29, 42, 55, 68.

सारं वजन `print` च्या जागेवर आहे. ती ओळ दोन हाकांच्या मध्ये असल्यामुळे कोणताही नोड छापला जाताना त्याची डावी शाखा, म्हणजे त्याच्याहून लहान सगळे वंशज, छापून झालेली असते आणि उजव्या शाखेतला एकही आकडा अजून बाहेर आलेला नसतो. दोन्ही शाखा आपापल्या जागी क्रमाने आल्या तर मध्ये हा नोड बसून पूर्ण ओळ क्रमाने येणारच. शाखा क्रमाने का येतात? त्यांनाही हाच न्याय लागू आहे, आणि तो खाली उतरत रिकाम्या झाडापर्यंत जातो, जिथे चुकायला काही उरतच नाही. `print` एक ओळ वर नेली तर 42 च सर्वांत आधी छापला जाईल आणि क्रम मोडेल.

या युक्तिवादात सगळं अवलंबून आहे ते ‘सगळे वंशज’ या अटीवर. फक्त आई-मुलाचं नातं तपासून भागत नाही. समजा, नेहमीची वाट सोडून कोणी 29 च्या उजवीकडे थेट 45 जोडला. 29 च्या दृष्टीने सगळं ठीक आहे, 45 मोठाच आहे. पण तो 42 च्या डाव्या शाखेत जाऊन बसलाय. फंक्शनला याचा पत्ता नसतो, कारण ते तुलना करतच नाही. ते इमानाने छापतं: 17, 23, 29, 45, 42, 55, 68. 45 नंतर 42 असा एकच उतार दिसतो, आणि झाड बिघडल्याचा तोच पुरावा. म्हणून झाड तपासायचं तर आधी छापलेला आकडा हाताशी ठेवावा आणि पुढचा त्याहून मोठा आहे ना एवढं पाहावं. आकडा शोधतानाही हा बिघाड नडतो: 45 शोधायला निघालं की 42 वरून उजवीकडे, 68 वरून डावीकडे, 55 वरून पुन्हा डावीकडे, आणि तिथे रिकामं. आत्ताच छापलेला 45 ‘झाडात नाही’ असं उत्तर येतं.