सदुसष्टाव्या सेकंदाला आलेला माणूस

काही वर्षांपूर्वी एका छोट्या संग्रहालयासाठी मी नव्वद सेकंदांची एक मूक फिल्म लिहिली. शिवराईच्या कपाटाशेजारी एक स्क्रीन बसवली होती आणि तिच्यावर ती दिवसभर फिरत राहणार होती. आज मला त्या फिल्मची समीक्षा करायची आहे. लेखिका मीच असल्यामुळे कुणाचा राग येण्याचा प्रश्न नाही, आणि फिल्म फसली होती हे सांगायला पुरेसा पुरावाही माझ्याकडे आहे.

आधी कपाटाबद्दल. शिवराई म्हणजे शिवाजी महाराजांचं तांब्याचं नाणं. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. पण कपाटातल्या नाण्यांवर हे पूर्ण क्वचितच दिसतं. कुठे ‘श्री’ अर्धी आहे, कुठे ‘शिव’मधला ‘व’ कडेवरून खाली पडल्यासारखा गायब आहे, कडेच्या ठिपक्यांचं वर्तुळ तर एकाच बाजूला उरलेलं. बघणाऱ्याला वाटतं, नाणं झिजलं किंवा तुटलं. खरं कारण टांकसाळीत आहे. ठशावर अक्षरं ऐसपैस कोरलेली असत, तांब्याची चकती त्यामानाने लहान आणि हाताने कापलेली. ती ठशावर जिथे बसेल तेवढाच मजकूर तिच्यावर उमटे, उरलेला ठशावरच राही. म्हणजे झिजण्याच्या आधी, जन्मतःच ते नाणं अर्धं वाक्य घेऊन आलेलं असतं.

फिल्मने एवढंच सांगायचं होतं. मी ते कसं सांगितलं? पहिली बारा सेकंदं शीर्षक आणि रायगडाचं दृश्य, १६७४च्या राज्याभिषेकाच्या उल्लेखासह. मग पस्तिसाव्या सेकंदापर्यंत तांबं तापवणं आणि चकत्या कापणं. साठाव्यापर्यंत ठसा कोरणारा हात. ऐंशीपर्यंत हातोडा. आणि शेवटच्या दहा सेकंदांत खरं नाणं, सोबत उत्तर: ‘म्हणून अक्षरं कापलेली दिसतात.’ सुरुवात, मध्य, शेवट. आधी उत्सुकता, मग उलगडा. खुर्चीत बसलेल्या प्रेक्षकासाठी ही रचना ठीक होती.

पण त्या दालनात खुर्ची नव्हती. उद्घाटनानंतर एका रविवारी दुपारी मी कोपऱ्यात उभी राहिले. एक गृहस्थ आले तेव्हा फिल्म साधारण सदुसष्टाव्या सेकंदाला होती. त्यांना दिसला एक हातोडा. कुणाचा, कशावर, कशासाठी, काही नाही. दहा सेकंदं त्यांनी पाहिलं आणि ते पुढच्या कपाटाकडे गेले. उलगडा त्यांच्या पाठीमागे, तीन सेकंदांनंतर झाला.

बहुतेक जण तेवढंच थांबत होते, दहा सेकंदं किंवा कमी. इथे साधं गणित आहे. नव्वद सेकंदांच्या फेरीत माणूस कुठल्याही क्षणी येणार आणि दहा सेकंदं थांबणार असेल, तर उत्तर उमटण्याचा क्षण त्याच्या वाट्याला येण्याची शक्यता नवात एक. नऊपैकी आठ जणांसाठी मी प्रश्न नसलेली फिल्म लिहिली होती किंवा उत्तर नसलेली.

तुम्ही म्हणाल, रीलही आपण आवाज बंद करून, दहा सेकंदांतच बघतो. हो, पण रील तुमच्या हातात आल्यावर बहुधा पहिल्या सेकंदापासून सुरू होतं. पहिल्याच क्षणात पकडायचं, हे तिथलं शास्त्र त्यावरच उभं आहे. संग्रहालयातल्या लूपला पहिला सेकंद नसतो. फाइलला असतो, प्रेक्षकाला नसतो. मी फाइलसाठी लिहिलं, ही पहिली चूक.

दुसरी चूक दालनातल्या सुरक्षारक्षक मावशींनी सांगितली. त्यांची खुर्ची स्क्रीनच्या बरोबर समोर. दिवसाच्या आठ तासांत ती फिल्म त्यांच्यासमोर तीनशे वीस वेळा फिरायची. आवाज नव्हता ही त्यांच्यावरची मोठीच कृपा. मी विचारलं, लोक काय करतात? त्या म्हणाल्या, “मॅडम, ते उलटं नाव येतं ना, तिथं लोकं हसतात. काल एकजण मला म्हणाला, मावशी, तुमचा टीव्ही उलटा लागलाय.”

ठशावर अक्षरं उलटीच कोरावी लागतात, तरच नाण्यावर सुलटी उमटतात. मी पंचवीस सेकंदं कॅमेरा त्या उलट्या अक्षरांवर ठेवला होता, कारण मला ती सुंदर वाटत होती. निवेदन असतं तर एका वाक्यात खुलासा झाला असता. मूक फिल्ममध्ये तो खुलासा चित्रातच असायला हवा, आणि त्याच क्षणी. वीस सेकंदांनंतर येणारा खुलासा चालत्या माणसाच्या उपयोगाचा नाही.

संग्रहालयाने दुरुस्तीला परवानगी दिली. तेव्हा मी पटकथेचा कागदच बदलला. एरवी आपण दोन रकाने आखतो, डावीकडे दृश्य, उजवीकडे ध्वनी. मूक लूपमध्ये उजवा रकाना रिकामाच राहतो, म्हणून तिथे नवं शीर्षक लिहिलं: ‘याच क्षणी आलेल्या माणसाला काय कळेल?’ आणि जुन्या फिल्मची प्रत्येक ओळ तपासली. रायगड: काही नाही, सुंदर डोंगर. तांबं तापवणं: काहीतरी तापतंय. ठसा: टीव्ही उलटा लागलाय. हातोडा: कुणीतरी ठोकतंय. खरं नाणं: आता कळलं. पाच तुकड्यांत एकच तुकडा स्वतःच्या पायावर उभा होता.

मग रायगड काढला, भट्टी काढली, कोरणारा हातही काढला. हे सोपं नव्हतं. राज्याभिषेक काढायचा म्हणजे काय, असं समितीतल्या एका सदस्यांनी विचारलं, आणि प्रश्न रास्त होता. माझं उत्तर एवढंच की तो भिंतीवरच्या फलकावर आहे, आणि फलक वाचणारा स्वतःच्या वेगाने वाचतो. स्क्रीनने ते करावं जे फलकाला करता येत नाही.

फलकाला काय करता येत नाही? एक कापलेलं नाणं दाखवायला छापील चित्र पुरतं. पण प्रत्येक नाणं वेगळ्या जागी का कापलं जातं, हे दाखवायला चकती पुन्हा पुन्हा ठेवावी लागते. लूपचा खरा उपयोग मला इथे सापडला. नव्या फिल्ममध्ये नाणं तीनदा पाडलं जातं. दर वेळी आठ सेकंदं: चकती ठशावर ठेवायला दोन, घाव एक, चकती उचलून ठशाशेजारी ठेवायला दोन, आणि शेवटची तीन सेकंदं काहीच हलत नाही. पहिल्या वेळी चकती वर सरकलेली, दुसऱ्यांदा डावीकडे, तिसऱ्यांदा खाली. चोवीस सेकंदांत तीन नाणी, तिन्हींवर वेगवेगळा तुकडा.

आता तेच गणित करून पाहा. आठ सेकंदांनी क्रिया पुन्हा येते. म्हणजे दहा सेकंदं थांबणारा माणूस कधीही आला तरी ठेवणं, घाव, उचलणं आणि स्थिर चित्र, हे सगळं त्याला दिसणारच, मग क्रम मधूनच का सुरू होईना. क्रम चुकला तरी बिघडत नाही, कारण कोरी चकती म्हणजे आधी आणि छापलेली म्हणजे नंतर, हे धातूच सांगतो. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, १९१२मध्ये, वाटाण्याच्या रोपाच्या वाढीची छोटी फिल्म केली होती. विषयाची ती निवड मला आता वेगळी दिसते. रोप किती वाढलंय यावरून आपण गोष्टीत कुठे आहोत ते कळतं, कुणी सांगावं लागत नाही. हरिश्चंद्राची गोष्ट अशी मधूनच बघता येणार नाही.

उलट्या अक्षरांचा गोंधळही त्या उचलून शेजारी ठेवण्याने सुटला. ठसा आणि नाणं एकाच चौकटीत, एक उलटं, एक सुलटं. चित्र बिघडलेलं नाही हे लगेच दिसतं. मजकूर एकच ठेवला: ‘ठसा मोठा, चकती लहान.’ तो चोवीस सेकंदं हलत नाही आणि स्क्रीनच्या वरच्या भागात आहे. पहिल्या फिल्ममध्ये ओळी खाली होत्या, सबटायटलच्या सवयीने. गर्दीत त्या पुढच्या माणसांच्या डोक्यांमागे जात, आणि बारीक टायपातल्या वेलांट्या काचेच्या चकाकीत विरून जात. जोडही असा घेतला की तिसरं नाणं बाजूला होतं आणि पुढची कोरी चकती येते. मधे काळी चौकट नाही. काळं आलं की लोकांना वाटतं संपलं, आणि ते निघतात.

त्या तीन स्थिर सेकंदांवर माझी सर्वांत जास्त भांडणं झाली. व्हिडिओत काही हलत नाही म्हणजे बिघडलाय असं वाटेल, असं संकलकाचं म्हणणं. पण हलणारी स्क्रीन डोळा सोडत नाही, आणि शेजारी साडेतीनशे वर्षांपूर्वीची खरी नाणी निपचित पडलेली असतात. स्क्रीन थांबली तरच नजर खाली जाईल. अशा फिल्मची परीक्षा माझ्या मते हीच: तिच्याकडे किती वेळ बघितलं हा प्रश्न नाही, तिच्यावरून नजर काढून माणूस वस्तूकडे वळला का, हा आहे.

महिनाभराने गेले तेव्हा मावशी तक्रारीच्या सुरात म्हणाल्या, “आता लोकं वाकून वाकून बघतात, बोट लावून दाखवतात एकमेकांना. काच दिवसातून चारदा पुसावी लागते.” मी त्यांची माफी मागितली, मनापासून नाही.

तरी नव्या फिल्ममध्येही उणीव आहे. त्यातला हातोडा धरणारा हात कुणाचाच नाही. टांकसाळीत हे काम करणारी माणसं कोण होती, दिवसाला किती घाव घालत होती, याची जुन्या फिल्ममध्ये निदान चाहूल होती, भट्टीच्या धगीत, कोरणाऱ्या बोटांच्या काळजीत. चोवीस सेकंदांत अक्षरं का कापली गेली ते मी सांगू शकले, कापणारा माणूस त्यातून निसटला. आठ-आठ सेकंदांच्या तुकड्यांत त्याला कसं बसवायचं, ते मला अजून जमलेलं नाही. उजव्या रकान्यात त्याच्यासमोरची जागा मी मोकळी ठेवली आहे.