शिफारशीचे गणित आणि भीमगीत

रसिक आपली निवड स्वतःच करतो, असे गाण्यांच्या ॲपवाले सांगतात. हे तपासले पाहिजे.

प्रल्हाद शिंदे यांनी विठ्ठलगीतेही गायिली, भीमगीतेही. समजा, आसगावच्या एका तरुणाने त्यांचे विठ्ठलगीत लावले. पुढे काय वाजावे हे ठरवताना यंत्र मुख्यतः एवढेच मोजते : हे गीत ऐकणाऱ्या १०० जणांनी आणखी काय ऐकले? ६० जणांनी दुसरे भक्तिगीत आणि चौघांनी भीमगीत ऐकले असेल, तर भक्तिगीत पुढे येते. पुढे आले म्हणून ते अधिक ऐकले जाते. साठाचे सत्तर होतात, चाराचे चारच राहतात. आणि या फरकालाच मग 'लोकांची आवड' म्हणतात.

एकूण खपाने भागून हा तोल थोडा सावरता येतो. पण चौघांवरचा अंदाज कच्चा असतो, म्हणून यंत्र खात्रीचेच वाढते. ध्वनिमुद्रितच न झालेले दंडारीचे गाणे तर मोजणीतच नाही. शिवाय वर्षात १००० वेळाही न ऐकल्या गेलेल्या गाण्याचे मानधन स्पॉटिफायने २०२४ पासून बंद केले आहे.

वामनदादा कर्डक गावोगाव हिंडून श्रोता घडवीत होते. यंत्र घडलेला श्रोता तेवढा मोजते.