'स्वीकृत' शिफारशीचे पुढे काय होते?

आयोगाच्या शिफारशी सरकार फेटाळते म्हणून त्या धूळ खात पडतात, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात उघड नकार फार थोड्या शिफारशींच्या वाट्याला येतो. पुष्कळशा स्वीकारल्या जातात आणि नंतर थांबतात. त्या नेमक्या कुठे थांबतात हे पाहायचे, तर मुंबईच्या उपनगरांशी थेट संबंध असलेली एकच शिफारस घेऊ.

ऑगस्ट 2005 मध्ये वीरप्पा मोईली यांच्या अध्यक्षतेखाली दुसरा प्रशासकीय सुधारणा आयोग नेमला गेला. त्याच्या पंधरा अहवालांपैकी सहावा, 2007 चा, स्थानिक शासनावर आहे. शहराचा कारभार तीन पायऱ्यांचा असावा, असे त्यात म्हटले आहे. वर महापालिका, मध्ये प्रभाग समिती आणि तळाशी क्षेत्रसभा, म्हणजे शहरातली ग्रामसभाच. क्षेत्रातल्या रहिवाशांनी एक छोटी समिती निवडावी. तिने निवडलेली व्यक्ती सभेचे अध्यक्षपद सांभाळेल आणि प्रभाग समितीत क्षेत्राची बाजू मांडेल. दिवाबत्ती, सफाई, गटारे अशी कामे प्रभाग समितीकडे द्यावीत आणि त्यांचा निधीही एकगठ्ठा तिच्याच हाती द्यावा.

आता मधली पायरी पाहू. 74 व्या घटनादुरुस्तीने तीन लाखांवरील शहरांत प्रभाग समित्या बंधनकारक केल्या. पण एका समितीत 'एक किंवा अधिक' प्रभाग असू शकतील, एवढी सवलत ठेवली. तिचा आधार घेऊन मुंबईत 227 नगरसेवकांच्या प्रभागांसाठी सतरा समित्या झाल्या. भांडुपचा 'एस' आणि मुलुंडचा 'टी' या दोन विभागांना मिळून एकच समिती आहे. 2011 च्या जनगणनेनुसार या दोन विभागांत दहा लाखांहून अधिक माणसे राहतात, म्हणजे त्या वेळच्या सोलापूर शहरापेक्षा जास्त. सोलापूरला स्वतःची महापालिका आहे. इथल्या समितीला मात्र कायद्याने पाच लाखांपर्यंतच्या कामांना मंजुरी देता येते, तीही अंदाजपत्रकात तरतूद असेल तर. मुलुंडमधल्या एखाद्या गल्लीचे गटार नव्याने बांधायचे झाले, तर हा आकडा सहज ओलांडला जातो आणि फाईल वर जाते.

खालच्या पायरीची कथा अधिक बोलकी आहे. स्थानिक शासन हा राज्यांचा विषय. त्यामुळे केंद्राने शिफारस स्वीकारली, तरी ती राज्यांकडे सल्ला म्हणूनच जाते. मात्र लोकसहभागाच्या बाबतीत केंद्राकडे पैशाचा लगाम होता. डिसेंबर 2005 मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानाने निधीसाठी लोकसहभागाच्या कायद्याची अट घातली होती. महाराष्ट्राने 2009 मध्ये महापालिका कायद्यांत दुरुस्ती करून क्षेत्रसभा आणली. कायदा झाला, अट पुरी झाली. पण क्षेत्रसभा भरवायची, तर आधी क्षेत्रांच्या सीमा आखणारा आदेश निघावा लागतो. मुंबईत गाडे तिथेच अडले.

कायद्यातही एक बदल झाला होता. आयोगाने अध्यक्षपद रहिवाशांच्या प्रतिनिधीला दिले होते. महाराष्ट्राने ते नगरसेवकाला दिले. म्हणून मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपून प्रशासक आले, तेव्हा नगरसेवक गेले आणि त्यांच्याबरोबर प्रभाग समित्याही गेल्या. क्षेत्रसभा असत्या, तरी अध्यक्षांवाचूनच राहिल्या असत्या. आयोगाची मूळ रचना असती, तर निदान तळाची पायरी शिल्लक राहिली असती.

उपनगरातल्या रहिवाशांना एकत्र येण्याची इच्छाच नाही, असे मात्र म्हणता येत नाही. घाटकोपर पूर्वेच्या जोशी लेनमध्ये नव्वदच्या दशकात रहिवाशांनी कचऱ्याचा प्रश्न हाती घेतला. महापालिकेने त्यावरून 'एएलएम' ही योजना उभी केली आणि ती शहरभर नेली. पण एएलएम ही प्रशासनाची योजना आहे. अधिकारी उत्साही असेल तर बैठक होते, नसेल तर होत नाही. निधीवर तिचा हक्क नाही. क्षेत्रसभेने नेमका हाच फरक पडला असता: आज जे विनंती म्हणून मांडावे लागते, ते ठराव म्हणून मांडता आले असते.

मग आदेश का निघत नाही? तो काढणाऱ्यांपैकी प्रत्येकाचे त्यात काही ना काही जाते. 1888 च्या कायद्याने मुंबईत कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे आहेत आणि आयुक्त राज्य सरकार नेमते. क्षेत्रसभा खरोखर भरू लागली, तर मंत्रालयाचा वचक ढिला होतो, आयुक्तांच्या खर्चाला जागेवर प्रश्न विचारले जातात आणि 'काम मी करून दिले' असे सांगण्याची नगरसेवकाची सोय जाते. एरवी एकमेकांशी भांडणारे हे तिघे इथे मात्र न ठरवताच एका बाजूला असतात.

आयोगाचीही उणीव इथेच दिसते. काय असावे हे अहवाल बारकाईने सांगतो. ज्यांनी करायचे त्यांचेच नुकसान असेल, तर ते का करतील, याची तजवीज मात्र त्यात नाही. पैशाची अटही कायदा संमत होण्यापुरतीच होती, सभा भरण्यापर्यंत पोहोचली नाही.

म्हणून एखादी शिफारस अमलात आली का हे तपासताना 'स्वीकृत' हा शेरा पुरेसा मानू नये. तीन कागद मागावेत: राजपत्रातला कायदा, सीमा ठरवणारा आदेश आणि सभेचे इतिवृत्त. क्षेत्रसभेच्या बाबतीत मुंबईकराच्या हाती पहिलाच येतो.