बोट, वाक्य आणि पाच रेघा

९ जानेवारी २००७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोतल्या मॉस्कोनी सेंटरमध्ये स्टीव्ह जॉब्जने आयफोन पहिल्यांदा लोकांपुढे आणला. त्या कार्यक्रमाचं चित्रण मी नाटकाच्या संहितेसारखं अनेकदा पाहिलं आहे. त्यातले शब्द नुसते कागदावर उतरवले, तर मजकूर अगदी सपाट वाटतो. गाण्यांची यादी सरकवताना तो सांगतो ते इतकंच, की बोट ठेवायचं आणि सरकवायचं. पण मागच्या मोठ्या पडद्यावरचं चित्र केबलमधून थेट फोनमधून येत होतं आणि त्या चित्रात बोट नव्हतं. (सुरुवातीला बोटं दाखवायला वेगळा कॅमेरा होता, तो थोड्या वेळापुरता.) बोटाचं काम वाक्याला करावं लागतं. तेच वाक्य क्षणभर आधी आलं असतं तर ती नुसती माहिती झाली असती, उशिरा आलं असतं तर खुलासा. ते यादीबरोबर सरकतं, म्हणून सभागृहातून दाद उठते.

गाणी अर्ध्यावर थांबतात, व्हिडिओचा एखादाच तुकडा दिसतो. ही मला बरीच वर्षं वक्त्याची रसिकता वाटत होती. मग २०१३ साली फ्रेड व्होगेलस्टाइन यांचा 'न्यू यॉर्क टाइम्स मॅगझिन'मधला लेख वाचला. त्यात अँडी ग्रिग्नन हा अभियंता सांगतो, की फोन गाण्याचा तुकडा वाजवायचा, पण पूर्ण गाणं बिनघोर वाजवेल याची खात्री नव्हती. आधी ई-मेल पाठवून मग इंटरनेट पाहिलं तर चालायचं. क्रम उलटला तर फोन बंद पडण्याचा धोका. अनेक दिवस तालमी करून त्यांनी न अडखळणारा एक क्रम शोधला, तोच रंगमंचावर आला. स्मृती संपत आली की बदलायला आणखी फोन हाताशी होते. म्हणजे संहितेचा सहलेखक तो अपुरा फोनच होता!

इथवर माझी तक्रार नाही. कमकुवत नटाचा प्रवेश छोटा ठेवणं हे दिग्दर्शकाचं कामच आहे. पण त्याच लेखात आणखी एक गोष्ट आहे: सिग्नलच्या पाच रेघा कायम पूर्ण दिसाव्यात, अशी व्यवस्था आधीच करून ठेवली होती. क्रम ठरवणं म्हणजे काय दाखवायचं ते निवडणं; रेघा मात्र वस्तूच्याच तोंडून खोटं बोलतात. प्रेक्षक वक्त्यावर नव्हे, पडद्यावर विश्वास ठेवून टाळ्या वाजवत होते. हा फरक मला सोडवत नाही.

गंमत अशी, की त्या दिवशी खरोखर बिघडला तो फोन नव्हे, तर चित्रं पुढे सरकवायचा क्लिकर. जॉब्जने तो बिघाड लपवला नाही. पडद्यामागे धावपळ चालू असेल, असं हसत सांगितलं आणि तेवढ्यात हायस्कूलच्या दिवसांतली एक आठवण काढली. मित्र वॉझ्नियॅकने टीव्हीचं चित्र बिघडवणारं छोटं यंत्र बनवलं होतं, ते लपवून दोघे मुलांची फजिती करत. चित्र नीट व्हावं म्हणून टीव्ही पाहणारा कसा वेडावाकडा होऊन उभा राहायचा, तेही त्याने स्वतः अंग वाकवून दाखवलं. इतक्या कार्यक्रमात मला सर्वांत जिवंत वाटते ती हीच हालचाल.